धरून ठेवलेल्या बटणाचं ओझं

मनगटाच्या आतला दाब मोजता येतो, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो. केसाएवढी बारीक नळी कातडीतून आत सरकवायची, तिचं टोक मनगटातल्या बोगद्यात नेऊन ठेवायचं आणि त्या माणसाला संगणकावर माऊस चालवायला सांगायचं. पीटर कीर, डेव्हिड रेम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असाच होता. चौदा निरोगी माणसं आणि वेगवेगळ्या आकारांचे तीन माऊस. हात माऊसवर नुसता ठेवला तर किती दाब, नेम धरून क्लिक केलं तर किती, आणि बटण दाबून धरून एखादी वस्तू पडद्यावर ओढत नेली तर किती, हे त्यांना पाहायचं होतं.

ओढताना सरासरी दाब 28 ते 33 मिलिमीटर पाऱ्याच्या घरात गेला. डॉक्टर रक्तदाब सांगतात तेच हे एकक. हात माऊसवर स्वस्थ असतानाच्या दाबापेक्षा हा साधारण बाराने जास्त होता. गंमत पुढे आहे. माऊसचा आकार बदलून दाबात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो हात काय करतोय त्याने.

मनगट वाचवायला उभा माऊस किंवा ट्रॅकबॉल विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी जाणून घ्यावं असं मला वाटतं. वस्तू नवी आणली, पण बटणांची कामं तीच ठेवली, तर ज्या हालचालीने दाब चढतो ती हालचाल तशीच चालू राहते.

तो बोगदा कसा आहे ते पाहू. तळहात वर करून मनगटाच्या घडीच्या किंचित पुढे, तळव्याच्या मुळाशी बोट ठेवा. तिथे खाली आणि दोन्ही बाजूंना आठ लहान हाडांची कमान आहे आणि वरून एक जाड, फारसा न ताणणारा पट्टा. या अरुंद जागेतून नऊ कंडरा जातात. अंगठ्याची एक आणि बाकीच्या चार बोटांच्या प्रत्येकी दोन. त्यांच्यात दाटीवाटीने एक मज्जातंतू जातो, मीडियन नर्व्ह. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि या कंडरांच्या दोऱ्यांनी दुरून बोटं ओढतात. तर्जनीने बटण दाबून ठेवलं की तिची दोरी बोगद्यातून ताणलेली राहते. त्याच वेळी माऊस सरकवायला मनगट हलतं. ताणलेली दोरी आणि हलणारं मनगट, या दोन्ही गोष्टी एकदम घडतात त्या फक्त ओढण्यात. बोटाच्या टोकावरचा जोर वाढवत नेला की बोगद्यातला दाबही वाढत जातो, हे रेम्पेल यांच्याच 1997 च्या प्रयोगात दिसलं होतं.

हे ओढणं रोजच्या कामात कुठे येतं ते पाहायला आता नाशिकला येऊ. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग, प्रेसची डाय, जिग-फिक्श्चर, इलेक्ट्रिकल पॅनेल असं काय काय बनतं, आणि यातली प्रत्येक वस्तू लोखंडात उतरण्याआधी कुणीतरी पडद्यावर काढलेली असते. अंबडच्या एखाद्या टूलरूममधला ऑटोकॅडवर काम करणारा ड्राफ्ट्समन धरा. सकाळी साडेनऊला बसतो, सहाला उठतो. त्याच्या हाताचं सगळ्यात कष्टाचं काम कोणतं? रेषा काढणं नव्हे. ऑटोकॅडमध्ये रेषा काढताना काहीच ओढावं लागत नाही, एका टोकाला क्लिक, दुसऱ्या टोकाला क्लिक. कष्ट आहेत ते पॅनमध्ये. ड्रॉइंग इकडून तिकडे सरकवायला माऊसचं चाक खाली दाबून धरायचं आणि माऊस ओढायचा. `MBUTTONPAN` हे सेटिंग 1 असलं की चाक हे काम करतं, आणि मुळात ते 1 असतंच. सॉलिडवर्क्समध्ये तेच चाक दाबून धरलं की मॉडेल फिरतं.

चाक हे दाबून धरण्यासाठी माऊसवरचं सगळ्यात वाईट बटण आहे. ते फिरण्यासाठी बनवलेलं असतं, म्हणून दाबताना ते निसटू पाहतं. त्याची स्प्रिंग बहुतेक माऊसमध्ये डाव्या-उजव्या बटणांपेक्षा कडक असते. आणि ते उंचावर असल्यामुळे बोट आकडी करून वरून दाबावं लागतं.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे धरून चाललेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. मिनिटाला चार पॅन, एकेक तीन सेकंदांचा. तासाला 240 पॅन, म्हणजे 12 मिनिटं चाक दाबलेलं. पडद्यासमोरचे सात तास धरले तर 84 मिनिटं. रोज जवळजवळ दीड तास एक बोट कडक स्प्रिंगवर रोवलेलं आणि मनगट त्याच वेळी चालू. द्राक्षबागेत छाटणी करणारा माणूस दिवसभर कात्री चालवतो, पण काडी कापली की कात्री सोडतो. दाबलेली कात्री तशीच धरून तो पुढच्या वेलीपर्यंत चालत जात नाही. पॅन करणारा हात नेमकं हेच करत असतो.

या हिशेबाकडे पाहिलं की उभा माऊस नेमकं काय करतो आणि काय करत नाही ते उलगडतं. सपाट माऊसवर हात ठेवायला कोपरापासूनची दोन्ही हाडं एकमेकांवर पिळावी लागतात. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनाच्या स्थितीकडे येतो आणि हा पीळ बराच सुटतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा कोन 57 अंशांचा आहे. पुष्कळांना यानेच बाहूला आराम पडतो, आणि तो आराम खरा आहे. पण 2015 मध्ये, ज्यांना मनगटाच्या बोगद्याचा आजार आधीच आहे अशा रुग्णांवर उभा माऊस आणि तऱ्हेतऱ्हेचे पॅड वापरून दाब मोजले गेले. मनगटाची ठेवण सुधारली. बोगद्यातला दाब कमी झाला नाही.

उभ्या माऊसमध्ये आणखी एक सुंदर बारकावा दडलेला आहे, आणि तो निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे. सपाट माऊसचं बटण दाबलं की तो जोर सरळ खाली टेबलात जातो. टेबल तो झेलतं, हाताला काही करावं लागत नाही. उभ्या माऊसचं बटण बाजूला असतं, म्हणून दाबण्याचा जोर माऊसला आडवा ढकलतो. तो सरकू नये म्हणून पलीकडून अंगठा तितक्याच जोराने रेटतो. म्हणजे प्रत्येक क्लिक हा चिमटा असतो. हलक्या क्लिकला हे जाणवतही नाही. पण बटण धरून ओढायचं असेल तर तो चिमटा तितका वेळ आवळलेला राहतो. उभा माऊस घेऊन आठवड्याभरात ज्यांचा अंगठा दुखू लागतो त्यांनी आधी इथे पाहावं.

ट्रॅकबॉल हा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी पकडतो. तो माऊसपेक्षा वयाने मोठा आहे. ब्रिटिश नौदलाच्या रडारवरील विमानांचा माग ठेवण्यासाठी राल्फ बेंजामिन यांनी 1946 साली गोळा फिरवून खूण हलवण्याची कल्पना मांडली. कॅनडाच्या नौदलाच्या डेटार प्रकल्पात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या यंत्रात तर बोलिंगचा खराखुरा चेंडू बसवला होता. पश्चिम जर्मनीत टेलेफुंकेन कंपनीने असाच गोळा उलटा करून हातात दिला आणि 1968 मध्ये त्यांचा गोळ्याचा माऊस आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डग्लस एंगलबार्ट यांनी आपला माऊस सॅन फ्रान्सिस्कोत जगाला दाखवला. गोळा आधी जागच्या जागी फिरत होता, चालायला तो नंतर लागला.

जागच्या जागी असणं हाच त्याचा खरा गुण. यंत्र हलत नाही, म्हणून मनगटालाही हलावं लागत नाही. पॉइंटर फिरवणं एका बोटाचं काम, दाबणं दुसऱ्याचं. ओढण्यात जी दोन कामं एकमेकांत गुंतलेली होती ती इथे सुटी करता येतात. पण ती आपोआप सुटत नाहीत. अंगठ्याने गोळा फिरवायचा आणि तर्जनीने चाक दाबून धरायचं असं ठेवलं, तर मनगट थांबतं आणि तर्जनीची दोरी मात्र तशीच ताणलेली राहते. उरलेलं अर्धं काम बटणांच्या वाटणीने करायचं असतं.

वाटणीची पहिली पायरी ही की धरून ठेवणं काढून टाकायचं आणि तिथे दोन टिचक्या आणायच्या. एक टिचकी धरायला, एक सोडायला. अंबडच्या आपल्या ड्राफ्ट्समनसाठी हे काम माऊसच्या किंवा ट्रॅकबॉलच्या बाजूच्या बटणाला देऊ. ब्राउझरमध्ये मागच्या पानावर नेणारं ते बटण ऑटोकॅडमध्ये बहुधा रिकामंच बसलेलं असतं. विंडोजवर ऑटोहॉटकी नावाचं मोफत साधन आहे, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एवढं पुरतं:

```
#Requires AutoHotkey v2.0
#HotIf WinActive("ahk_exe acad.exe")
XButton1::
{
    static held := false
    held := !held
    Click(held ? "Middle Down" : "Middle Up")
}
#HotIf
```

`XButton1` म्हणजे तेच मागे नेणारं बटण. माऊसच्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात हे बटण त्याच्या मूळ कामावरच राहू द्यायचं, म्हणजे ऑटोहॉटकीला ते सापडतं. दुसऱ्या ओळीमुळे हा बदल फक्त ऑटोकॅडच्या खिडकीत लागू होतो, बाकीकडे बटण पूर्वीसारखंच वागतं. आता टिचकी मारली की चाक दाबलेलं असल्यासारखं पॅन सुरू होतं, बोट मोकळं, गोळा फिरवा, ड्रॉइंग सरकेल. पुन्हा टिचकी, पॅन बंद.

यात काय बिघडतं तेही सांगायला हवं. पॅन चालू असतानाच दुसऱ्या खिडकीत गेलात तर चाक दाबलेलंच राहतं आणि तिथलं पान वेड्यासारखं वागू लागतं. अशा वेळी खरं चाक एकदा दाबून सोडायचं, सुटका होते. मात्र वरच्या ओळींना ही सुटका कळलेली नसते. म्हणून ऑटोकॅडमध्ये परतल्यावर पहिली टिचकी फुकट गेल्यासारखी वाटते, दुसरीने काम होतं. हे माहीत नसलं की लोक बटण खराब झालं असं समजतात.

आणि एक मर्यादा मनापासून मान्य करावी लागते. धरणं गेलं, पण टिचक्या दुप्पट झाल्या. आपल्या हिशेबातल्या 240 पॅनसाठी तासाला 480 टिचक्या. हा सौदा परवडतो, कारण टिचकीत दोरी क्षणभर ताणली जाऊन सैल होते. पण या सगळ्या टिचक्या एकाच बोटाच्या गळ्यात घातल्या तर काही दिवसांनी ते बोट तक्रार करणार. म्हणून दुसरी पायरी जास्त महत्त्वाची: मुळात पॅनच कमी करायचे. ऑटोकॅडमध्ये चाक फिरवलं की झूम पॉइंटर असेल त्या जागेभोवती होतं. दूरच्या कोपऱ्यात जायचं असेल तर मागे या, पॉइंटर त्या कोपऱ्यावर न्या, पुढे जा. पॅन लागतच नाही. चाकावर झटकन दोनदा क्लिक केलं की सगळं ड्रॉइंग पडद्यावर मावतं, आणि तिथून हवं तिथे उतरता येतं.

पुष्कळदा तर आपण ओढतो ते विनाकारण. ऑटोकॅडमध्ये वस्तूंभोवती चौकट टाकताना अनेक जण डावं बटण धरून ओढतात. गरज नाही, एका कोपऱ्यात क्लिक आणि समोरच्या कोपऱ्यात क्लिक पुरतं. ओढून चौकट करण्याची सवय मोडायची असेल तर `PICKDRAG` 0 करून ठेवा, म्हणजे दोन क्लिकचीच पद्धत उरते. एक्सेलमध्ये शेकडो ओळींची रांग निवडायला हिशेबनीस मंडळी माऊस धरून खालपर्यंत खेचत नेतात. पहिल्या घरावर क्लिक करून `F8` दाबा आणि शेवटच्या घरावर क्लिक करा, मधलं सगळं निवडलं जातं. महिनाअखेरीला जीएसटीच्या याद्या जुळवणाऱ्या माणसाच्या हाताला यातून जे मिळेल ते कुठलाही महागडा माऊस देणार नाही.

ऑफिसच्या संगणकावर बाहेरचं काही बसवू देत नसतील तरी एक वाट उघडी आहे. विंडोजच्या पोटातच ClickLock नावाची सोय वर्षानुवर्षं पडून आहे. Settings, तिथून Bluetooth & devices, मग Mouse, Additional mouse settings, आणि Buttons या पानावर ती सापडते. ती चालू केली की डावं बटण थोडा वेळ दाबून सोडायचं, ते कुलूप लागल्यासारखं दाबलेलंच राहतं. पुन्हा क्लिक केलं की सुटतं. किती वेळ दाबल्यावर कुलूप लागावं ते पट्टीवर ठरवता येतं. पट्टी लहानाकडे न्या, पण अगदी टोकाला नको, नाहीतर साध्या क्लिकलाच कुलूप लागेल. ही सोय फक्त मुख्य बटणासाठी आहे, चाकासाठी नाही.

आता अंगठ्याविषयी. लॉजिटेकच्या एम575 सारख्या ट्रॅकबॉलवर गोळा अंगठ्याखाली असतो. सपाट माऊसवरून येणाऱ्याला तो लगेच जमतो, कारण बटणं ओळखीच्या जागी असतात. पण अंगठा बाजूला आणि वर नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद खोबणीतून जातात, आणि तिथली सूज हे स्वतंत्र दुखणं आहे. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी केरव्हेन यांनी 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. म्हणून अंगठा गोळा फिरवत असेल तर त्याला बटणाचं काम देऊ नये. टिचकीने धरायचं-सोडायचं ते कुलपाचं बटण तर्जनीला किंवा मधल्या बोटाला द्यावं. ज्यांचा अंगठा आधीच कुरकुरतो त्यांनी मधल्या गोळ्याचा ट्रॅकबॉल पाहावा. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसमध्ये 55 मिलिमीटरचा गोळा दोन-तीन बोटांनी फिरतो, चार कोपऱ्यांत चार मोठी बटणं असतात. त्याला चाकाऐवजी गोळ्याभोवती कडं आहे. ते कडं फिरतं पण दाबलं जात नाही, म्हणून कॅडवाल्याला चाकाच्या क्लिकचं काम एखाद्या कोपऱ्यातल्या बटणाला द्यावंच लागतं. ही सक्ती मला वरदान वाटते. कडक, निसटतं चाक जाऊन त्याच्या जागी रुंद, हलकं बटण येतं. हा ट्रॅकबॉल उंच आहे, तेव्हा सोबतची तळहाताची उशी लावा, नाहीतर मनगट मागे मुडपून राहील.

आणि डावा हात? ऑटोकॅडवाल्याचा डावा हात कीबोर्डवर असतोच, L, TR, M अशा आज्ञा टाइप करायला. आज्ञा संपवायला उजवं बटण वापरण्याची सवय असेल तर ते काम डाव्या अंगठ्याखालच्या स्पेस बारला देऊन टाका. ऑटोकॅडमध्ये तो एंटरसारखाच चालतो. तेवढ्याच टिचक्या उजव्या हाताच्या हिशेबातून कमी.

आपली वाटणी जमली की नाही हे कुठे दुखतं त्यावरून वाचता येतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा बोटं बटणांवर अधांतरी उचलून धरली जात आहेत, चुकून क्लिक होऊ नये म्हणून. बोटं उचलून धरणारे स्नायू तिथेच सुरू होतात. अशा वेळी अतिहलक्या बटणांपेक्षा बोटाचं वजन पेलणारी बटणं बरी. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठ्याकडे कामं जास्त झाली. आणि रात्री झोपेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मीडियन नर्व्हचा संशय घ्यावा. या मज्जातंतूची हद्द आश्चर्यकारक आहे: अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू त्याची, उरलेली अर्धी आणि करंगळी दुसऱ्याची, जो या बोगद्यातून जातच नाही. करंगळीला मुंग्या येत असतील तर मूळ बहुधा दुसरीकडे आहे. बधिरपणा टिकून राहिला किंवा हातातून वस्तू सुटू लागल्या, तर बटणांशी खेळत न बसता डॉक्टरांकडे जावं. मज्जातंतूतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते तपासून निदान करता येतं.

माऊस हा या आजाराचा मुख्य आरोपी नाही, हेही इथे नोंदवायला हवं. डेन्मार्कमधल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या हजारो सभासदांवरचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मुंग्या येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, पण संगणकामुळे मनगटाच्या बोगद्याच्या आजाराचा मोठा धोका आहे असं अभ्यासकांना आढळलं नाही. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गरोदरपण, हाताला सतत जोर किंवा कंपन देणारी कामं यांचा वाटा जास्त मानला जातो. शॉप फ्लोअरवर दिवसभर ग्राइंडर धरणाऱ्याचं मनगट ड्रॉइंग ऑफिसातल्यापेक्षा जास्त संकटात असतं. ड्रॉइंग ऑफिसातलं दुखणं बहुतेक वेळा त्या बोगद्यातलं नसून थकलेल्या स्नायूंचं आणि कंडरांचं असतं, आणि त्यावर वाटणी बदलण्याचा उपाय बसतो.

बदल एका वेळी एकच करावा. पहिला आठवडा फक्त नवा ट्रॅकबॉल, बटणं जशीच्या तशी. पॉइंटरचा वेग असा ठेवा की गोळ्याच्या एका फेकीत पडद्याचं एक टोक गाठता येईल. या काळात काम हळू होणार, म्हणून डिस्पॅचच्या घाईचा आठवडा यासाठी निवडू नये. दुसऱ्या आठवड्यात कुलपाचं बटण. तिसऱ्यात स्पेस बार आणि पॅनऐवजी झूम. सगळं एकदम बदललं आणि दुखणं हललं, तर ते कशाने हललं हे कधीच कळत नाही. जुना माऊस काढून टाकू नका. तो टेबलाच्या डाव्या बाजूला जोडलेला राहू द्या, विंडोज दोन्ही एकाच वेळी चालू देतं. मेल वाचणं, पीडीएफ चाळणं अशी नेम न लागणारी कामं डाव्या हाताने करायला हरकत नाही.